दोन गावं, एक परिचय

2 फेब्रुवारी 2026, सोमवार. शिरूर

दुपारी दौंडहून मामांचा फोन आला. त्यांच्या भागातल्या बायकांचं एक वाचनमंडळ आहे, त्यांनी 8 मार्चला कार्यक्रम ठरवलाय. प्रमुख पाहुण्या म्हणून तालुक्यातल्याच एक निवृत्त आरोग्यसेविका येणार आहेत. परिचय करून देण्याचं काम मामांच्या शेजारच्या अकरावीतल्या मुलीकडे आलंय. "पोरगी धीट आहे, पण कागद हातात आला की तिचा आवाजच बदलतो. तू शाळेत हेच शिकवतेस, जरा लक्ष घाल," मामा म्हणाले. संध्याकाळी त्यांनी पाहुण्यांचं परिचयपत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं.

दोन पानं आहेत. नाव, जन्मतारीख, शिक्षण, प्रशिक्षण, कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किती वर्षं, कोणकोणत्या मोहिमांत सहभाग, मग पुरस्कार आणि प्रशस्तिपत्रं. सगळ्या ओळींना क्रमांक दिलेत आणि कुठल्याच वाक्यात क्रियापद नाही. हा कागद कशासाठी तयार झाला असेल, ते पाहिल्याबरोबर कळतं. पुरस्काराच्या प्रस्तावाला जोडायला. असा कागद निवड समितीपुढे जातो, समिती बाबीगणिक गुण देते, म्हणून एकही बाब सुटू नये असाच तो लिहिलेला असतो. त्या कामाला तो चोख आहे. पण मंडपात बसलेल्या बायका कुणाला गुण द्यायला आलेल्या नसतात. या बाईंचं आपण का ऐकायचं, एवढंच त्यांना कळायला हवं असतं आणि ते या दोन पानांत कुठेच नाही.

5 फेब्रुवारी, गुरुवार

मुलीने लिहिलेला मसुदा आला. पहिलंच वाक्य: ज्यांना कुठल्याही परिचयाची गरज नाही अशा. पुढे अख्खं परिचयपत्र, फक्त क्रमांक काढून "तसेच" आणि "त्याचप्रमाणे" घातलेलं. कर्तव्यदक्ष, सेवाभावी, मनमिळाऊ, हसतमुख ही विशेषणं एका ओळीत.

मी तो घड्याळ लावून मोठ्याने वाचला. व्यासपीठावर माझा वेग मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्दांचा असतो. त्या हिशेबाने मसुदा सहा मिनिटांच्या वर गेला. पाहुण्यांचा परिचय दोन-अडीच मिनिटांत व्हायला हवा, म्हणजे अडीचशे ते तीनशे शब्द. यामागे शिष्टाचार आहेच, पण ऐकणाऱ्यांच्या ताकदीचाही विचार आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि प्रास्ताविक होईपर्यंत लोकांचा अर्धा तास गेलेला असतो. अजून मुख्य भाषण बाकी असतं. परिचय लांबला की चोरी पाहुण्यांच्याच वेळेची होते.

फोनवर तिला म्हटलं, "परिचयाची गरज नाही असं म्हणायचं आणि मग सहा मिनिटं परिचय द्यायचा, हे ऐकणाऱ्याला कसं वाटेल गं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण मॅडम, काही गाळलं तर त्यांना वाईट नाही का वाटणार?"

प्रश्न खरा आहे, आणि बहुतेक परिचय याच भीतीने लांबतात. त्यावर उपाय आहे. सगळं परिचयपत्र निमंत्रणपत्रिकेच्या मागे छापायचं किंवा फलकावर लावायचं. मोजता येण्यासारखं जे काही आहे ते डोळ्यांकडे सोपवायचं. कानासाठी एकच धागा ठेवायचा.

तिला लगेच त्या आरोग्यसेविकांच्या परिचयाला हात घालू दिला नाही. अगोदर दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावर हात बसायला हवा. सुरेखा यादव यांची माहिती तिला पाठवली आणि शाळेतल्या माझ्या मुलींनाही तीच देणार आहे. त्या पाहुण्या म्हणून आपल्यासमोर बसल्या आहेत असं धरून सगळ्यांनी लिहायचं. शिरूरला एकदा आणि दौंडला एकदा.

8 फेब्रुवारी, रविवार. शिरूर

सकाळी नववीच्या काही मुली घरी आल्या. सुरेखाताईंची माहिती साधारण अशी होती: जन्म 2 सप्टेंबर 1965, सातारा, शासकीय तंत्रनिकेतन, कराड येथून विद्युत अभियांत्रिकीची पदविका, मध्य रेल्वेत सहायक चालक, पुढे मालगाडी चालक, 2000 मध्ये मुंबईच्या लोकलवर मोटरवुमन, 2010 मध्ये घाट चालक, 8 मार्च 2011 रोजी पुणे ते मुंबई डेक्कन क्वीन, 13 मार्च 2023 रोजी सोलापूर ते मुंबई वंदे भारत एक्स्प्रेस, सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त. सगळ्यात वर ठळक अक्षरांत: आशियातील पहिली महिला रेल्वेचालक.

मुलींनी सगळ्यांनीच त्या ठळक ओळीपासून सुरुवात केली. मी एकीला ती ओळ मोठ्याने म्हणायला लावली आणि बाकीच्यांना विचारलं, डोळ्यांपुढे काय आलं? काहीच आलं नव्हतं. "आशियातील पहिली" हे ऐकल्यावर टाळी पडते, पण चित्र उभं राहत नाही. टाळी पडली की ती गोष्ट ऐकणाऱ्यापुरती संपते. ही ओळ हवीच, पण ती शेवटाकडे हवी.

आता शिरूरला रेल्वे नाही. आमच्याकडे घोड नदी आहे, पुणे–अहिल्यानगर रस्ता आहे, रांजणगावची एमआयडीसी आहे, पण रूळ नाहीत. इथल्या कितीतरी मुलींनी आगगाडीचं इंजिन जवळून पाहिलेलं नाही. त्यांच्यापुढे घाट, मालगाडी, लोकल यांची यादी वाचणं वाया जाईल. मग या माहितीत त्यांच्या ओळखीचं काय आहे? एक मुलगी म्हणाली, "बाई, डिप्लोमा." बरोबर. दहावीनंतर डिप्लोमाला जायचं की अकरावीला, हा प्रश्न इथल्या प्रत्येक घरात असतो. मुलगी इलेक्ट्रिकलला जाणार म्हटलं की अजूनही आजी भुवया उंचावते. शिरूरच्या परिचयाचा धागा तिथे सापडला.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून सुरुवात बोलून बसवली. आधी बोललो, मग लिहिलं. हा क्रम मी सोडत नाही, कारण लिहून मग बोलायला गेलं की "येथून", "रोजी", "मध्ये कार्यरत" हे सगळं तोंडात येतं. तयार झाली ती अशी:

"साताऱ्याच्या एका शेतकरी घरातली थोरली मुलगी. तिला शिक्षिका व्हायचं होतं. गणित घेऊन पदवी, मग बीएड, असा तिचा बेत. कराडला डिप्लोमा करत होती, तोही इलेक्ट्रिकलचा. पुढे रेल्वेचा अर्ज भरला आणि निवड झाली. निवड झाली ती अशा कामासाठी, जे तोवर आपल्या देशात एकाही बाईने केलेलं नव्हतं. शिक्षिका व्हायचं राहून गेलं. पण त्यानंतर पस्तीसहून अधिक वर्षं त्या..."

इथे एका मुलीने थांबवलं. आधी "ती" आणि मग "त्या", हे चालेल का? पाहुण्या समोर बसलेल्या असताना "ती मुलगी" म्हणणं उर्मट तर वाटणार नाही? मला ही शंका फार आवडली. माझं मत असं, की लहानपणाबद्दल बोलताना "ती" चालतं, कारण ऐकणारे तिला घरातली मुलगी म्हणून पाहतात. ज्या वाक्यात ती कामावर रुजू होते, त्याच वाक्यात "त्या" यायला हवं. आवाजही तिथे थोडा सरळ व्हावा. पण व्यासपीठावर फार वयस्कर मंडळी असतील, किंवा पाहुण्या नुसत्या नावाने ओळखीच्या असतील, तर पहिल्यापासून "त्या" म्हणावं. मान राखण्यात चूक झाली तर पुढचं काहीच ऐकलं जात नाही.

दुसरी अडचण सालाची निघाली. त्या पहिल्या महिला चालक कधी झाल्या, हे मुलींनी आणलेल्या कागदांत कुठे 1988 आहे तर कुठे 1989. कारण सरळ आहे. निवड, नेमणूक, प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष गाडीवर जाणं या वेगवेगळ्या तारखा असतात, आणि लिहिणारा हाताला लागेल ती उचलतो. पाहुण्या खरोखर येणार असत्या तर फोन करून विचारलं असतं. तसं जमत नसेल तर "चाळीसेक वर्षांपूर्वीचा काळ" एवढं म्हटलं तरी कानाला पुरतं. छापील परिचयात साल हवंच, बोलण्यात ते बहुतेक वेळा नसलं तरी चालतं. जी तारीख वादात सापडू शकते ती माइकवर ठासून म्हणू नये, कारण समोर बसलेला माणूस ती मनात दुरुस्त करत राहतो आणि पुढची दोन वाक्यं त्याच्या कानावरून जातात.

15 फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र. दौंड

सकाळी लवकर निघाले. न्हावरे, पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला, पाटस. चौफुल्याला चहा घेताना केडगावची पाटी दिसली आणि पंडिता रमाबाईंचा विचार आला. केडगावात त्यांचा परिचय द्यायचा झाला तर मी "सरस्वती" आणि "पंडिता" या पदव्यांपासून सुरुवात करणार नाही. तुमच्या या गावात शंभर वर्षांपूर्वी बायका स्वतः छापखाना चालवत होत्या, इथून करेन. त्या छापखान्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेलं बायबल छापलं गेलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तेव्हा अखेरची वर्षं त्यांनी याच कामाला दिली होती. गावाच्या जमिनीवरून सुरुवात केली की ऐकणारा आपसूक पुढे सरकतो.

मामांकडे ती मुलगी वाटच पाहत होती. तिने सुरेखाताईंचा परिचय दौंडसाठी लिहून ठेवला होता आणि सुरुवात मला मनापासून आवडली: सोलापूरहून मुंबईला जाणारी गाडी आपल्या दौंडवरून जाते. बरोबर जागा धरली होती. दौंड म्हणजे जंक्शन. इथे प्रत्येक आळीत कुणी ना कुणी रेल्वेत नोकरीला असतो किंवा होता. शिरूरला जे समजावून सांगावं लागतं, ते इथे नुसतं म्हटलं की पुरे.

पण त्याचा दुसरा अर्थ असा, की इथे चूक लगेच पकडली जाते. पुढचं वाक्य होतं: त्या दिवशी वंदे भारतच्या इंजिनात एक महिला होती. मामा गार्ड म्हणून निवृत्त झालेत. ते खाटेवरूनच म्हणाले, "अगं, वंदे भारतला वेगळं इंजिन नसतं. मोटारी डब्यांखालीच असतात. केबिन म्हण." मुलीने लगेच खोडलं. दौंडच्या सभेत "इंजिन" म्हटलं असतं तर मागच्या रांगेतून कुजबुज सुरू झाली असती, आणि ती कुजबुज परिचय संपेपर्यंत थांबली नसती.

मग मी मामांना विचारलं, सहायक चालक नेमकं करतो काय? माहितीच्या कागदावर ते एक पद आहे. मला त्यातलं काम हवं होतं. मामा उठून बसले. "सिग्नल दिसला की नुसता बघायचा नाही, मोठ्याने पुकारायचा. चालक पुकारतो, सहायक पुकारतो, हाताने खूण करतो. दोघांचं एक झालं की मगच पुढे. रात्र असो, पाऊस असो, झोप येत असो, तोंडाने बोलायचंच." असं म्हणून त्यांनी उजवा हात पुढे करून ते करून दाखवलं.

हेच ते, ज्यासाठी मी आले होते. "सहायक चालक म्हणून रुजू" या तीन-चार शब्दांच्या जागी आता एक बाई आहे, रात्र आहे, आणि ती मोठ्याने सिग्नल पुकारते आहे. लिखित चरित्रातल्या प्रत्येक पदामागे असं एखादं रोजचं काम दडलेलं असतं. ते पाहुण्यांना विचारावं, नाहीतर त्या धंद्यातल्या माणसाला विचारावं. आपल्या मनाने मात्र रचू नये.

घाट चालकाबद्दलही मामांनीच सांगितलं. कर्जत ते लोणावळा चढ 37ला 1 आहे. पुण्याकडे चढणाऱ्या नेहमीच्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. 37ला 1 हे ऐकून कुणाला काही कळत नाही, म्हणून मुलीने ते असं फिरवलं: 37 पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. मामांनी मान डोलावली. आकडा तोच राहिला, फक्त तो आता चालता येण्यासारखा झाला. पूर्ण परिचयात असा आकडा एखाद-दुसराच ठेवायचा हेही तिला सांगितलं. तिसऱ्या आकड्याला ऐकणारे पहिला विसरलेले असतात.

तिचा अखेरचा मसुदा इथे उतरवून ठेवते:

"सोलापूरहून मुंबईला जाणारी गाडी आपल्या दौंडवरून जाते. 13 मार्च 2023 ला सोलापूरहून वंदे भारत निघाली, तेव्हा तिच्या केबिनमध्ये एक बाई बसल्या होत्या. गाडी आपल्या स्टेशनातून पुढे गेली, पुण्याला आली, घाट उतरली. हा घाट आपल्यातल्या रेल्वेच्या माणसांना ठाऊक आहे. चढताना 37 पावलांमागे एक पाऊल वर, आणि उतरताना सगळी भिस्त ब्रेकवर. बाईंना मात्र हा घाट नवा नव्हता. बारा वर्षांपूर्वी, महिला दिनाच्याच दिवशी, याच घाटातून त्यांनी डेक्कन क्वीन मुंबईला नेली होती. आणि त्याच्याही कितीतरी आधी, रात्रीच्या गाडीवर सहायक म्हणून उभं राहून त्या सिग्नल मोठ्याने पुकारत होत्या. त्या कामावर तेव्हा त्यांच्याआधी दुसरी कुणी बाई नव्हती, आपल्या देशात नाही आणि आशिया खंडातही नाही. आज त्या आपल्यापुढे आहेत. सुरेखा यादव."

सव्वा मिनिट. जन्मतारीख, शाळा, 2000 सालची लोकल, घरची माणसं, सगळं गेलं. मुलीच्या पहिल्या मसुद्यात पती आणि मुलं यांची एक ओळ वरच होती. ती का काढली हे तिने विचारलं, तेव्हा मी उलट तिला विचारलं, पुरुष चालकाचा परिचय देताना त्याच्या बायकोपासून सुरुवात केली असतीस का? आपल्याकडे बाईचा परिचय अजून "अमुकांच्या सुविद्य पत्नी" इथून सुरू होतो, आणि देणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. पाहुण्यांनी स्वतः सांगितलं तर जरूर घ्यावं. आपण होऊन ते पहिल्या ओळीत बसवू नये.

नाव शेवटी का, यावरही बोललो. नाव लपवायचं नसतं. ते पत्रिकेवर असतं, मागच्या फलकावर हातभर अक्षरांत असतं. पण नाव उच्चारलं की टाळ्या पडतात आणि टाळ्या पडल्या की परिचय संपतो. म्हणून नाव म्हणायचं, सुस्पष्ट, जरा थांबून, आणि बाजूला व्हायचं. त्यानंतर "असो, तर अशा या" असलं काही जोडायचं नाही.

21 फेब्रुवारी, शनिवार

मुलीने आज आरोग्यसेविकांना फोन केला, मी इकडून माझ्या फोनवर ऐकत होते. काय विचारायचं ते आम्ही ठरवलं होतं. तुमचं नाव कसं म्हणायचं, सौ. की श्रीमती की नुसतं नाव? परिचयात काय नको? त्या दिवशी तुम्ही कशावर बोलणार आहात?

तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि तोच कुणी विचारत नाही. बाई म्हणाल्या, "नुसतं नाव घे बाळ. पुरस्कारांचं नको, ते कपाटात आहेत. मी ऊसतोडीच्या बायकांवर बोलेन. एका रात्री कोपीवर बाळंतपण झालं होतं, ते सांगेन." मुलगी उत्साहाने म्हणाली, "ते मी परिचयात घेऊ का?" मी पलीकडून नाही म्हणून खूण करायला तिथे नव्हते, पण बाईंनीच हसून सांगितलं, "मग मी काय बोलू गं?"

पाहुण्यांची उत्तम गोष्ट परिचयात सांगून टाकणं ही नेहमीची चूक. देणाऱ्याला वाटतं आपण छान सांगितलं. पाहुणे मात्र उभे राहिल्यावर चाचपडतात, कारण त्यांच्या भाषणाचा कणाच कुणीतरी आधी वापरून टाकलेला असतो. परिचय त्या गोष्टीच्या उंबरठ्यापर्यंत न्यायचा आणि तिथे थांबायचं.

28 फेब्रुवारी, शनिवार

परिचयपत्रात एक ओळ आहे: स्थलांतरित कुटुंबांतील बालकांच्या नियमित लसीकरणात उल्लेखनीय कार्य. मुलीने त्यावर बाईंना पुन्हा विचारून घेतलं आणि त्यातून आमचा सगळा परिचय निघाला. बाळाला लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात द्यायची असते. तोंडाने बोलताना आठवडे कुणी मोजत नाही, आया महिने मोजतात. म्हणून ते दीड, अडीच आणि साडेतीन महिने झालं. आता मसुदा असा आहे:

"ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास आपल्या तालुक्यात येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. त्यांच्याबरोबर तान्ही बाळंही येतात. बाळाला लस द्यायची दीड महिन्याला, अडीच महिन्यांना आणि साडेतीन महिन्यांना. पहिली गावाकडे झालेली असते. दुसरीच्या वेळी आई आपल्या शिवारात ऊस तोडत असते. पहाटे फडात गेलेली, अंधार पडल्यावर कोपीवर येणारी. तिने दवाखान्यात यायचं कधी? मग दवाखान्यानेच तिच्याकडे जायचं. लशीचा डबा खांद्याला लावून आपल्या तालुक्यात फडाफडावर जाणाऱ्या एक बाई होत्या. कोपीवर त्या नुसती लस द्यायला गेल्या, की त्यांना आणखीही काही करावं लागलं, हे त्या स्वतः सांगणार आहेत."

आणि मग नाव.

विशेषण एकही नाही, आणि मुलीला आता ते खटकतही नाही. "सेवाभावी" हा शब्द तिने शेवटपर्यंत धरून ठेवला होता. "अंधार पडल्यावर" हे वाक्य आल्यावर तो तिने आपल्या हातानेच काढला.

7 मार्च, शनिवार. दौंड

मुक्कामाला आलेय. मंडळाच्या अध्यक्षबाईंना भेटून कार्यक्रमाचा क्रम पाहिला. सत्कार आधी होता, परिचय नंतर. शाल-श्रीफळ दिलं जातं, लोक टाळ्या वाजवतात, आणि कशासाठी वाजवल्या ते मागाहून कळतं. विनंती केली, त्यांनी लगेच बदललं: प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मग पाहुण्यांचं मनोगत. दुसरी विनंती सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंना. परिचय संपला की "किती छान परिचय करून दिला" असं म्हणून पुन्हा सारांश सांगू नका. व्यासपीठावरच्या बाकी मान्यवरांची नावं तुमच्याकडे ठेवा, परिचय देणारीवर ती टाकू नका. ताई समजूतदार निघाल्या.

मुलीचा कागद काढून घेतला आणि पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर सात-आठ शब्द लिहून दिले: दिवाळी, दीड-अडीच-साडेतीन, फड, अंधार, डबा, त्या स्वतः. पातळ कागद माइकसमोर फडफडतो आणि हात थरथरत असेल तर तेही दिसतं. पाठही करू नको म्हटलं. पाठ केलेलं एका ठिकाणी अडलं की सगळंच अडतं.

8 मार्च, रविवार. दौंड

मंडप भरलेला होता. पहिली दोन वाक्यं झाली आणि मागून काही मान्यवर आले. खुर्च्या सरकल्या, सगळ्या माना वळल्या. मुलगी थांबली. लोक बसले, माना परत फिरल्या, मग तिने "त्यांच्याबरोबर तान्ही बाळंही येतात" हे वाक्य पुन्हा म्हटलं आणि पुढे गेली. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

"तिने दवाखान्यात यायचं कधी?" इथे समोरच्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "कधी यायचं!" त्यावर मुलगी घाबरली नाही, आजींकडे पाहून मान हलवली. सभेतून असा आवाज आला की समजावं, लोक आता कागदावरचं ऐकत नाहीत, आपल्या डोळ्यांनी पाहताहेत. नाव घेतल्यावर टाळ्या पडल्या. त्या ओसरण्याआधी ती बाजूला झाली होती.

सत्कारानंतर आरोग्यसेविका उठल्या. माझ्याविषयी एवढं चांगलं बोललात, मी त्या लायक नाही, वगैरे काहीच त्यांना म्हणावं लागलं नाही. पहिलं वाक्य होतं, "तर त्या रात्री मी लस द्यायलाच गेले होते." आणि मंडप शांत झाला, म्हणजे खरोखर ऐकू लागला. पाऊण तास त्या बोलल्या. मोहिमांची नावं आली नाहीत, बायकांची मात्र आली.

मामा म्हणाले, परिचय फार लहान झाला. मी म्हटलं, पुरेसा झाला. त्यांना पटलेलं दिसलं नाही.

12 मार्च, गुरुवार. शिरूर

शाळेत एका सरांनी विचारलं, सगळ्या पाहुण्यांना चालेल असा एक नमुना करून द्याल का, म्हणजे दरवेळी नाव आणि पद बदललं की झालं. मी नाही म्हटलं, आणि कारण सांगताना सुरेखाताईंचे दोन्ही परिचय त्यांना वाचून दाखवले. एकाच बाईंची एकच माहिती, पण शिरूरला डिप्लोमापासून निघाली आणि दौंडला स्टेशनापासून. सर म्हणाले, "म्हणजे गाव बदललं की पुन्हा लिहायचं?" हो, आणि ऐकणारे बदलले तरी. हाच परिचय रेल्वेतल्या नव्या चालकांपुढे द्यायचा असता तर मी स्टेशन आणि डिप्लोमा दोन्ही सोडून, नव्या मार्गावर जाण्याआधी सिग्नल आणि वळणं शिकून घेण्यापासून सुरुवात केली असती.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे शेतकरी पालकांसाठी कार्यक्रम आहे. पाहुणे कृषी खात्यातले निवृत्त अधिकारी. त्यांचं परिचयपत्र आलंय, चार पानांचं, शोधनिबंधांच्या यादीसह. संध्याकाळी त्यांना फोन केला आणि कशावर बोलणार ते विचारलं. कांदा चाळीत का सडतो, यावर ते बोलणार आहेत. चार पानांत कांदा कुठेच नाही. उद्या एखाद्या पालकांच्या चाळीवर जाऊन येते, मगच पहिलं वाक्य ठरवेन.